डब्याच्या सिलिकॉन रिंगेचा वास आणि सिपरच्या टोपणातले काळे ठिपके

प्रश्न : दुसरीतल्या मुलीच्या डब्याच्या झाकणात सिलिकॉनची रिंग आहे. तिला लसूण-मसाल्याचा वास बसला आहे. भांड्याचा साबण, लिंबू, खायचा सोडा, सगळे करून झाले, तरी जात नाही. सिपरच्या टोपणात चोचीखाली काळे ठिपके आले आहेत. उकळले तर चालेल का? ब्लीच वापरू का? की दोन्ही टाकून द्यावेत?

उत्तर :

डब्याची रिंग उकळून बहुधा वाचेल. सिपरची चोच मात्र हातात घेऊन नीट तपासल्याशिवाय ठेवायची की टाकायची हे ठरवू नका. मी अन्नतंत्रज्ञान शिकले आहे आणि गेली १७ वर्षे पाळणाघर चालवते. रोज २५-३० डबे आणि तितकेच सिपर आमच्याकडे उघडले, धुतले आणि वाळवले जातात, त्यामुळे या दोन्ही तक्रारी मला चांगल्या परिचयाच्या आहेत. त्या एकाच वेळी दिसत असल्या तरी एकच नाहीत. वास सिलिकॉनच्या आत शिरलेला असतो आणि ठिपके वरच्या पृष्ठभागावर किंवा बारीक चिरांमध्ये वाढलेले असतात. म्हणून एकाच उपायाने दोन्ही घालवायला गेले की दोन्ही अर्धवट राहतात.

आधी वासाबद्दल. सिलिकॉन पाणी शोषत नाही, पण तेलाशी त्याचे चांगले जमते. लसूण, कांदा आणि हिंग यांचा वास ज्या गंधकयुक्त द्रव्यांमुळे येतो, ती तेलात सहज विरघळतात आणि तितक्याच सहज सिलिकॉनमध्येही मुरतात. रिंगेला हळदीचा पिवळेपणा धरतो तोही याच मार्गाने. सकाळी गरम भाजी भरून झाकण घट्ट बसवले की दुपारपर्यंतचे चार-पाच तास हे मुरणे चालू राहते. साबणाचे पाणी पृष्ठभागावरचा तेलकटपणा काढते, पण आत पोचत नाही. लिंबू आणि सोडाही बाहेरच थांबतात. आत मुरलेले द्रव्य बाहेर काढायला उष्णता लागते आणि थोडा वेळ द्यावा लागतो. याच गुणामुळे सिलिकॉन साबणाचा सुगंधही शोषून घेते. वास जावा म्हणून रिंग रात्रभर लिंबाच्या वासाच्या साबणात भिजत ठेवली, तर दुसऱ्या दिवशी पोळीला साबणाची चव लागते, आणि ती चव घालवणे लसणाच्या वासाइतकेच जिकिरीचे असते.

काळे ठिपके म्हणजे बुरशी. ती सिलिकॉन खात नाही. टोपणाच्या खाचेत दूध, सरबत किंवा लाळ यांचा जो पातळ थर राहतो त्यावर ती जगते आणि ओल मिळेल तिथे पसरते. तिचा काळा रंग मेलॅनिनचा असतो, म्हणजे आपल्या केसांचा रंग ज्या गटातल्या द्रव्यांचा असतो त्यातलाच. हा रंग बराच चिवट असतो. त्यामुळे बुरशी मरणे आणि डाग जाणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे लक्षात ठेवावे लागते. उकळल्याने बुरशी मरते, पण डाग तसाच दिसू शकतो, आणि डाग दिसतो म्हणून ती जिवंतच आहे असे नसते.

काहीही करण्यापूर्वी वास नेमका कशाला आहे ते शोधा. मी यासाठी स्टीलच्या वाट्या वापरते. डब्याची रिंग, सिपरची रिंग, चोच, नळी आणि हवेची झडप हे भाग सुटे करून प्रत्येक वेगळ्या वाटीत ठेवायचा, वरून हाताला सोसेल त्याहून थोडे अधिक गरम पाणी घालायचे आणि बशीने झाकायचे. दहा मिनिटांनी एकेक बशी बाजूला करून लगेच वास घ्यायचा. उष्णतेमुळे मुरलेला वास वर येतो आणि कोणता भाग दोषी आहे ते स्पष्ट कळते. गेल्या ऑगस्टमध्ये आमच्याकडच्या एका मुलाच्या सिपरला आंबूस वास येत होता. त्याच्या आईने नळी दोनदा बदलली होती, तरी वास कायम होता. पाच वाट्या लावल्या तेव्हा नळीच्या वाटीला काहीच वास नव्हता. सगळा वास हवेच्या झडपेच्या वाटीतून येत होता. ती झडप म्हणजे टोपणाच्या आतल्या बाजूला बसवलेली, शर्टाच्या बटणाएवढी सिलिकॉनची चकती. ती निघते हेच घरी कुणाला ठाऊक नव्हते. चकतीच्या मागे करडा, बुळबुळीत थर होता आणि त्यात मोहरीएवढे चार काळे ठिपके होते. त्या सिपरमधून अधूनमधून ताक दिले जात होते. तुमच्याकडेही चोचीखाली ठिपके दिसत आहेत, तर चोचीच्या बाजूला एखादे बारीक छिद्र आहे का ते पाहा. छिद्र असेल तर त्याच्या आत अशी चकती असण्याची शक्यता बरीच आहे.

रिंग काढताना सुरी, पिन किंवा स्क्रूड्रायव्हर वापरू नका. सिलिकॉन ताणले तरी तुटत नाही, पण एकदा बारीक चीर पडली की ती वाढत जाते, आणि पुढची बुरशी नेमकी त्या चिरेत बसते. चमच्याच्या दांड्याचे बोथट टोक रिंगेखाली घालून एक टोक उचलावे आणि बाकीची रिंग बोटांनी ओढून घ्यावी. रिंग चिकटवलेली असेल आणि हलकेच ओढून सुटत नसेल तर तिथेच थांबा. ती रिंग उकळता येणार नाही, आणि असा डबा रोजच्या ओल्या भाजीसाठी मला तरी पसंत नाही.

सगळे भाग सुटे झाले की पहिले काम तेल काढण्याचे. हे न करता उकळले तर वरचे तेल पाण्यावर तरंगते आणि रिंग बाहेर काढताना पुन्हा तिलाच लागते. कोमट पाण्यात, शक्यतो बिनवासाच्या किंवा अगदी थोड्या साबणाने, मऊ दातांच्या जुन्या टूथब्रशने रिंग दोन्ही बाजूंनी घासावी. रिंगेला बहुधा आतल्या बाजूला एक-दोन पातळ ओठ असतात. ते बोटाने उलटवून त्यांच्या मुळाशी घासणे महत्त्वाचे आहे, कारण पिठाचा आणि तेलाचा चिकट थर तिथेच साचतो. झाकणातली रिकामी खाचही विसरू नका. तिथून ब्रश फिरवल्यावर निघणारे तपकिरी पाणी पाहिले की वास परत का येत होता याचे अर्धे उत्तर मिळते. तारेची घासणी मात्र चालणार नाही. तिने पडलेले ओरखडे डोळ्यांना दिसत नाहीत, पण मळाला पुरतात.

आता उकळणे. तुमच्या प्रश्नाचे उत्तर होय असे आहे, पण फक्त सुट्या सिलिकॉनच्या भागांसाठी. चांगले सिलिकॉन २०० अंश सेल्सिअसच्या आसपासची उष्णताही सोसते, त्यामुळे उकळत्या पाण्याने त्याला काही होत नाही. झाकण आणि टोपण प्लॅस्टिकचे असते. उकळल्यावर ते वितळणार नाही, पण केसभर जरी वाकले तरी रिंग नीट बसत नाही आणि डबा गळू लागतो. तसेच प्रत्येक मऊ पांढरी रिंग सिलिकॉनची असतेच असे नाही. स्वस्त डब्यांना इतर रबरासारख्या पदार्थांच्या रिंगा असतात आणि त्या उकळल्यावर सैल किंवा चिकट होतात. डब्यासोबतच्या कागदावर सिलिकॉन असे लिहिलेले नसेल तर आधी एक मिनिट उकळून पाहा, बाहेर काढून गार होऊ द्या आणि झाकणात पुन्हा बसवून बघा. पूर्वीसारखीच बसली तर पुढे जायला हरकत नाही.

स्टीलच्या पातेल्यात एक लिटर पाणी उकळून त्यात रिंग, झडप, चोच आणि नळी टाकावी, झाकण न ठेवता दहा मिनिटे उकळू द्यावे, मग ते पाणी फेकून नव्या पाण्यात आणखी दहा मिनिटे उकळावे. झाकण न ठेवण्याला आणि पाणी बदलण्याला कारण आहे. बाहेर आलेला वास वाफेबरोबर निघून जायला हवा, पातेल्यातच फिरत राहायला नको. पहिल्या पाण्याला लसणाचा स्पष्ट वास येईल, दुसऱ्याला बराच कमी. तिसऱ्यांदा उकळण्याची गरज मला क्वचित पडते. पण झिंग्याची किंवा सुकटीची भाजी आठवड्यातून दोनदा त्याच डब्यात जात असेल तर पडते. नळी उकळण्यापूर्वी ती खरोखर सिलिकॉनची आहे का ते पाहा. ताठ नळी प्लॅस्टिकची असते, ती कोमट पाण्यात लांब ब्रशने साफ करावी.

दूध, ताक किंवा तुपाचा आंबूस-खवट वास असेल तर पहिल्या पाण्यात एक चहाचा चमचा खायचा सोडा घालावा. हा वास आम्लांचा असतो, सोडा त्यांना निष्प्रभ करतो आणि मग ती पाण्यात धुऊन जातात. लसणाच्या वासावर सोड्याचा असा परिणाम होत नाही, म्हणून तुम्हाला डब्याच्या रिंगेवर तो निरुपयोगी वाटला. ॲल्युमिनियमच्या पातेल्यात सोडा घालून उकळू नका, पातेले काळे पडते. सोडा आणि व्हिनेगर एकत्र करून फेस काढण्याचा उपाय बरेच जण सांगतात. त्या फेसाने मळ थोडा हलत असेल, पण दोन्ही एकमेकांचा परिणाम घालवतात आणि उरते ते बहुतांशी खारट पाणी. मासळीच्या वासाला एकटे व्हिनेगर उपयोगी पडते, तेही सोड्याशिवाय.

उकळून झाल्यावर रिंग पुसून थेट उन्हात ठेवा, दोन दिवस, रोज तीन-चार तास. हळदीचा रंग उन्हात उडतो आणि उरलेला वासही गरम रिंगेतून हळूहळू बाहेर पडतो. पावसाळ्यात ऊन नसेल तर पंख्याखाली टांगून ठेवावी, वेळ अधिक लागेल. नंतर वाटीची परीक्षा पुन्हा करा. कोरड्या रिंगेला नाक लावून वास येत नाही म्हणून फसू नका. गरम पाण्यात दहा मिनिटे ठेवल्यावर येत नसेल तरच तो गेला. अगदी पुसटसा उरला असेल तर रिंग वापरायला हरकत नाही, तो अन्नात उतरण्याइतका नसतो.

ठिपक्यांकडे वळू. उकळल्यामुळे सिलिकॉनच्या भागांवरची बुरशी आता मेलेली आहे. ओल्या कापसाची काडी ठिपक्यावर जोर देऊन फिरवा. कापूस काळा झाला तर ठिपका वरवरचा आहे आणि ब्रशनेच बराचसा निघेल. कापूस पांढरा राहिला तर रंग आत धरला आहे. अशा डागासाठी मी आधी हायड्रोजन पेरॉक्साइड वापरते, कारण त्याचे शेवटी पाणी आणि ऑक्सिजन होते आणि मागे वास राहत नाही. औषधाच्या दुकानात मिळणारे पेरॉक्साइड बहुधा ६ टक्क्यांचे असते, बाटलीवर २० व्हॉल्यूम असेही लिहिलेले दिसेल. त्यात तितकेच पाणी मिसळले की ३ टक्के होते आणि तेवढे पुरते. बाटली जुनी असेल तर कापलेल्या बटाट्यावर एक थेंब टाकून पाहा. लगेच भरपूर फेस आला तर ते ताजे आहे, नुसता ओला डाग पडला तर ते पाणी झाले आहे.

चिमूटभर खाण्याचा सोडा पातळ केलेल्या पेरॉक्साइडमध्ये कालवून त्याचा लेप ठिपक्यांवर लावावा, वर त्याच द्रावणात भिजवलेला टिश्यू पेपर ठेवावा आणि तो वाळू नये म्हणून भाग एका वाटीत उघडाच न ठेवता वरून बशी सैल ठेवावी. सोड्यामुळे पेरॉक्साइड अधिक जोमाने काम करते. चार तासांनी धुऊन पाहावे आणि गरज वाटली तर आणखी एकदा करावे. हातमोजे घालावेत, कारण पेरॉक्साइडने कातडी पांढरी पडते आणि चुरचुरते. उरलेले मिश्रण बाटलीत भरून बूच लावू नये, आत वायू साठत जातो. प्लॅस्टिकच्या टोपणातल्या खाचांसाठीही हाच उपाय करावा, कारण ते आपण उकळणार नाही.

ब्लीच चालेल, पण दुसरा पर्याय म्हणून, आणि शक्यतो फक्त सुट्या सिलिकॉनवर. घडी होणाऱ्या चोचीच्या टोपणात बारीक स्टीलची स्प्रिंग किंवा पिन असते, ती ब्लीचने गंजते. स्टीलच्या डब्यावरही ब्लीचने बारीक खड्डे पडतात. चार-पाच टक्क्यांचे साधे, बिनसुगंधी ब्लीच दोन चहाचे चमचे, म्हणजे १० मिली, एक लिटर थंड पाण्यात घालून काचेच्या किंवा प्लॅस्टिकच्या भांड्यात भाग १५ मिनिटे बुडवावेत. सुगंधी ब्लीच नको, कारण सिलिकॉन तो सुगंध धरून ठेवते. गरम पाणीही नको. आणि तुम्ही लिंबू वापरले आहे म्हणून हे विशेष जोर देऊन सांगते : लिंबू, व्हिनेगर किंवा संडास साफ करायचे ॲसिड यांच्याशी ब्लीचचा संपर्क आला तर विषारी क्लोरीन वायू निघतो. आधीचे सगळे भरपूर पाण्याने धुऊन टाकल्याशिवाय ब्लीचची बाटली उघडू नका, आणि काम खिडकी उघडून करा. पेरॉक्साइड आणि ब्लीचही एकत्र करायचे नाहीत. शेवटी वाहत्या पाण्याखाली चांगले चोळून धुवावे, अर्धा तास साध्या पाण्यात ठेवावे, पाणी बदलावे आणि पूर्ण वाळवावे.

आता ठेवायचे की टाकायचे. रिंग किंवा चोच बोटाभोवती उलटी गुंडाळून खिडकीजवळ उजेडात धरा. ताणलेल्या बाजूवर चिरा असतील तर त्या उघडतात आणि आत काळी रेघ दिसते. अशा चिरेच्या तळाशी ब्रश पोचत नाही, त्यामुळे तो भाग टाकावा. चोचीवर मुलांच्या दातांच्या खुणा असतात, म्हणून चिरा तिथेच सर्वाधिक सापडतात. चीर नसताना ठिपका पुसट उरला असेल तर त्याचा फोनवर जवळून फोटो काढून ठेवा आणि दोन आठवड्यांनी पुन्हा पाहा. तितकाच असेल तर तो मेलेल्या बुरशीचा रंग आहे. मोठा झाला, किंवा शेजारी नवा आला, तर वाढ चालू आहे. ऑगस्टमधल्या त्या सिपरची झडप दोनदा उकळून आणि एकदा पेरॉक्साइड लावून स्वच्छ झाली, तिच्यावर एक करडी छटा राहिली ती आजतागायत वाढलेली नाही. चोच मात्र उलटवल्यावर दातांच्या खुणांमध्ये तीन काळ्या रेघा दिसल्या आणि ती बदलावी लागली. मुलीला दमा असेल किंवा कोणत्याही कारणाने तिची प्रतिकारशक्ती कमी झालेली असेल, तर ठिपके आलेली चोच आणि झडप वाचवण्याच्या प्रयत्नात पडू नका, सरळ नवी घ्या. रिंग चिकट लागत असेल किंवा खाचेतून आपोआप बाहेर येत असेल तर तिचेही आयुष्य संपले आहे. नवी घेताना जुनी रिंग आणि झाकण दोन्ही दुकानात न्यावे. घेर जुळूनही जाडी अर्ध्या मिलिमीटरने कमी असेल तर आमटी दप्तरात सांडते.

एवढे करून ठिपके पुन्हा येतात ते बहुतेक एकाच सवयीमुळे. रात्री धुतलेली रिंग ओलीच खाचेत बसवली जाते आणि डबा झाकण लावून ठेवला जातो. खाचेतले ते पाणी पावसाळ्यात दोन-दोन दिवस वाळत नाही. आमच्याकडे धुतल्यावर रिंगा, चोची आणि झडपा चाळणीत उघड्या राहतात, टोपणे पालथी न ठेवता कडेला तिरकी उभी करतो, आणि सगळे भाग सकाळी डबा भरताना बसवले जातात. घरी रोज एवढे जमत नसेल तर डब्याची रिंग एक दिवसाआड आणि सिपरची झडप मात्र रोज काढा. ज्या दिवशी सिपरमध्ये पाण्याशिवाय दुसरे काही गेले असेल, त्या दिवशी तो घरी आल्याबरोबर सुटा करून धुवा, संध्याकाळच्या भांड्यांची वाट पाहू नका.